‘येनार’चं ‘येणार’ केलं आणि ती गप्प झाली

ताई, मी नागपुरात एका पतसंस्थेची शाखा सांभाळते. दोन आठवड्यांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडची एक मुलगी आमच्याकडे रुजू झाली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “नमस्कार मॅडम, मी सोमवारी येनार होती, पन गाडी चुकली.” माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “येणार होते. बरं बरं, बसा.” ती हसली. मग आमच्या रोखपालाने तिला येता-जाता “काय जी, हाव जी” करणं सुरू केलं. आता ती माझ्याशी “हो मॅडम, नाही मॅडम” एवढंच बोलते, नाहीतर चक्क हिंदीत. मी तिच्याशी मोकळं बोलायला गेले तर तिचाच हेल माझ्या जिभेवर येतो, आणि मग मीच घाबरते. येत्या सोमवारी मालवणकडचा एक मुलगाही येऊन राहिला आहे. सकाळी नुसतं “या” म्हणायचं तरी कसं?
– शाखेतली मॅडम, नागपूर

मॅडम,

तिच्या वाक्यातली बातमी अशी होती की गाडी चुकली. तिला उत्तर मिळालं ते ‘ण’चं. “मग कशा आलात?” एवढं कुणीतरी विचारायला हवं होतं. भेटीच्या पहिल्या मिनिटात माणूस शब्द निवडून बोलत नाही, सवयीने बोलतो. तिथेच दुरुस्ती आली की पुढचं प्रत्येक वाक्य तोंडाबाहेर पडण्याआधी तपासलं जातं. तपासायला सगळ्यात सोपं वाक्य “हो मॅडम” हे असतं.

तिने काही चुकीचं म्हटलं होतं का, हेही पाहू. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे झाडीपट्टी. तिथल्या झाडीबोलीत ‘ण’ नाहीच, सगळीकडे एकच ‘न’ असतो. जो आवाज त्या बोलीत नाही, तो तिच्याकडून सुटला असं म्हणता येत नाही. आणि बाईने “मी होती, मी आली” म्हणणं तर अख्ख्या विदर्भात चालतं. तुमच्या शाखेबाहेरच्या चहावालीला विचारा. पुण्यात आपल्या “करून राहिलो”वर जसं हसतात, तसंच हे आहे. नागपूर 1956पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं, त्या शेजाराची खूण आपल्या क्रियापदांवर आहे. तिच्या बोलीवर तिच्या शेजाराची आहे.

आता ती हिंदीत का गेली? नागपुरात हिंदी ही आडोशाची जागा आहे. तिथे ‘न’ आणि ‘ण’ कुणी मोजत नाही. त्यामुळे ती हिंदीत बोलली म्हणून तुम्हीही हिंदीत जाऊ नका. सोय केल्यासारखं वाटतं, पण तिला ऐकू येतं ते “तुमचं मराठी राहू द्या” असं. तुम्ही तुमच्या नेहमीच्या मराठीत उत्तर द्या, ती हिंदीत बोलली तरी चालेल. आणखी एका गोष्टीकडे कान ठेवा. नको तिथे ‘ण’ येऊ लागला, म्हणजे “मनात”चं “मणात” झालं, तर ते तिचं मराठी सुधारल्याचं लक्षण नाही. ती अजून स्वतःवर पहारा ठेवून बोलते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उद्या सकाळी काय करायचं ते सांगते. ती आत आली की तुमच्या रोजच्या वेगाने, रोजच्या आवाजात “या, नमस्कार” म्हणा. सावकाश नको, मोठ्याने नको. ऐकायला कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं बोललात तर तीही दुरुस्तीच ठरते. मग कामातलं एक असं काही विचारा ज्याला “हो” किंवा “नाही” पुरत नाही. “कालच्या त्या कर्जाच्या अर्जात काय अडलं होतं?” हा चांगला प्रश्न. “तुम्ही मूळच्या कुठल्या?” हा वाईट, कारण त्यात तिचं बोलणंच पुन्हा टेबलावर येतं. गाव नंतर कधीतरी आपोआप निघेल. विचारून झालं की थांबा. ती शब्द जुळवत असेल तेव्हा तिच्या तोंडचं वाक्य तुम्ही पुरं करून देऊ नका.

ती “पानी आलं नाही” म्हणाली आणि तुम्ही “अच्छा, पाणी आलं नाही?” म्हणालात, तर तुमच्या मनात फक्त खात्री करून घेणं असतं. पण तिने उच्चारलेला शब्द तुमच्या उच्चारात लगेच परत गेला की तिला तो लाल शाईत दिसतो. बहुतेक भली माणसं याच जागी चुकतात, कारण दुरुस्त करतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून शब्द परत करू नका, अर्थाला उत्तर द्या: “टँकरवाल्याला फोन लावते.” खात्री करायचीच असेल तर वार, वेळ, आकडा यांची करा. “म्हणजे सकाळपासून?” यात तिच्या उच्चाराला हातच लागत नाही. तुमचा ‘ण’ सोडायचं मात्र कारण नाही. पाच मिनिटांनी तुमच्या स्वतःच्या वाक्यात “पाणी” आलं तर ते तुमचं बोलणं झालं, तिच्यावरची टिप्पणी नव्हे.

उच्चार विचारायचा नाही, पण शब्द बेलाशक विचारायचा. समजा ती म्हणाली, “त्यांची जमीन मामा तलावाखाली आहे, आनि एक बोडीबी आहे.” रोखपाल म्हणणार, “कोणाचे मामा?” तुम्ही म्हणा, “बोडी मला ठाऊक नाही, म्हणजे काय?” आणि ऐका. बोडी म्हणजे लहान तळं, त्यावर धानाच्या बांध्या भिजतात. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, त्याची आद्याक्षरं घेऊन ‘मामा’. कर्जदाराच्या शेताला पाणी कुठून येतं हे तुमच्या अर्जावर लागतंच. तिथे ती तुम्हाला माहिती देते आहे, आणि न कळण्याची बाजू तुमची आहे. समजलं नाही की “काय?” असं मोघम विचारू नका. त्याने तिला पूर्ण वाक्य पुन्हा म्हणावं लागतं, तेही जास्त जपून. जेवढं कळलं तेवढं धरा आणि उरलेलं विचारा: “तलावाचं कळलं, दुसरं काय म्हणालात?”

हे फार दिवस करावं लागत नाही. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्पॅनिश आणि चिनी वळणाचं इंग्रजी ऐकणाऱ्यांची सुरुवातीची अडखळ मिनिटभरातच कमी झालेली दिसली. प्रयोगशाळेतली वाक्यं आणि गजबजलेला काउंटर यांत फरक आहे, पण कान जुळायला वर्षं लागत नाहीत. पहिल्या दोन-तीन वाक्यांत घाई करू नका, बस.

तिचा हेल तुमच्या जिभेवर येतो, त्याला घाबरू नका. समोरच्याच्या बोलण्याकडे आपलं बोलणं सरकतं. हॉवर्ड जाइल्स या अभ्यासकाने 1970च्या दशकापासून याच सरकण्याचा अभ्यास मांडला. वेग, थांबे, वाक्यांची लांबी हे जुळत गेलं तर समोरच्याला खटकत नाही, बहुधा बरंच वाटतं. नक्कल होते ती उठून दिसणारा शब्द किंवा सूर उचलला की. कसोटी सोपी आहे: हा शब्द तुम्ही संध्याकाळी घरी वापरता का? “हो”ला “हाव” म्हणणं तुमच्याही घरात असेल, तर खुशाल म्हणा. तिच्यासारखं वाक्याच्या शेवटी “जी” लावणं तुमच्या घरात नसेल, तर लावू नका. कौतुक म्हणूनही नाही. “किती गोड बोलता हो तुम्ही” हेसुद्धा टाळा. तिने निरोप सांगितला आणि तुम्ही सूर ऐकला, असंच तिला कळतं.

याला एकच अपवाद, नावं. तिचं नाव, आडनाव, गाव ती म्हणते तसंच म्हणायचं. नाव नीट कळलं नसेल तर पहिल्याच दिवशी एकदा विचारायचं, “नाव कसं घेऊ?” ती वडसा म्हणाली तर “म्हणजे देसाईगंज ना?” नको. कागदावर देसाईगंज असेल, पण रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही वडसाच आहे.

पावती, पत्र, अर्ज इथे मात्र प्रमाण लेखन लागतं, आणि ते दुरुस्त करायला संकोच नको. फक्त ते कागदावर, तिच्या टेबलाशी, लिहिलेल्या शब्दाबद्दल करा. बोलण्याच्या ओघात नको. फोनवर रक्कम एकेक आकडा सुटा म्हणून पुन्हा सांगायची, हा नियम करायचा तर सगळ्यांना करा. सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर कुणाच्याही तोंडून गडबडतात.

रोखपालाला सर्वांसमोर बोलू नका, सभेत तर मुळीच नाही. तसं झालं तर चर्चेचा विषय तीच होते. त्याला एकट्याला गाठा आणि नेमकं सांगा: “ती जी म्हणते ते मान देऊन. तुम्ही म्हणता ती नक्कल. उद्यापासून बंद.” तुमच्यासमोर त्याने पुन्हा केलंच, तर हसू नका, रागावूही नका. तिच्याकडे वळून म्हणा, “हं, तुम्ही पावतीचं सांगत होतात.” बोलायची तिची पाळी तिला परत मिळते आणि त्याच्या विनोदाला श्रोता उरत नाही.

झाल्या गोष्टीबद्दल एकदा बोला. आसपास कुणी नसताना, दोन वाक्यांत: “पहिल्या दिवशी तुमचं सांगणं मध्येच तोडलं, ते माझं चुकलं. त्या दिवशी गाडीचं काय झालं होतं?” “मनमोकळं बोला, काही वाटून घेऊ नका” असं पुढे जोडू नका. त्याने माणूस अजून आवळतो. ती “काही नाही मॅडम” म्हणाली तर सोडून द्या, पुन्हा काढू नका. सुधारणा तुम्हाला तिच्या वाक्यांच्या लांबीत कळेल. तुम्ही न विचारता तिने काही सांगितलं, किंवा हिंदीतून अर्ध्या वाक्यात मराठीत परतली, की समजा.

सोमवारच्या मुलालाही हेच. “येवा कोकण आपलोच आसा” हे वाक्य त्याला मुंबईपासून इथवर ज्याने-त्याने ऐकवलं असणार, तुम्ही तरी ऐकवू नका. “या, नमस्कार” म्हणा, नाव विचारा, टेबल दाखवा. जेवणाच्या सुट्टीत डब्यात सांबारवडी असेल तर पुढे करा. “सांबार?” म्हणून तो डाळीची आमटी शोधू लागेल. “इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात,” एवढं सांगा आणि दुसरी वडी त्याच्या ताटात ठेवा.