कोटेशनचं बिल आणि वाढीव काम

"गोठ्याच्या शेडचं ६२,००० चं कोटेशन मान्य झालं, मधेच भाऊंनी लोखंडी गेट वाढवलं. बिल कसं करू?"

कोटेशनमधल्या ओळी अन् दर बिलात जसेच्या तसे उतरवा, वर कोटेशनचा नंबर-तारीख टाका. गेट त्यात मिसळू नका, "एवढे कसे वाढले?" हे भांडण तिथूनच सुरू होतं. गेटचा वेगळा कागद करा: माप, रक्कम ७,५००, वाढणारे दिवस, भाऊंची सही. हे लोखंड कापायच्या आधी. व्हॉट्सॲपवर "हो" आलं तरी चालतं. मग बिलात शेड ६२,०००, खाली 'वाढीव काम, कागद क्र. १' ७,५००, वजा ॲडव्हान्स ३०,०००, बाकी ३९,५००.

गेट आधीच बसवलं असेल, तर भाऊंसमोर टेप लावून मोजा, रक्कम ठरवून सही घ्या, मगच बिल द्या.