बिल्डरचे ताबापत्र आणि थकबाकी: आधी कोणता कागद पाहावा?

प्रश्न: माझी मुलगी मेलबर्नला असते. बिल्डरचे इंग्रजी पत्र वाचून तिने मला त्याचा सारांश लिहून पाठवला आहे: "बाबा, फ्लॅट तयार आहे. पंधरा दिवसांत शेवटचा हप्ता 2,10,000 आणि दोन वर्षांचा मेंटेनन्स 72,000 भरायचा आहे, उशीर झाल्यास 18 टक्के व्याज लागेल. इंटेरियरचे काम लगेच सुरू करता येईल. सोबतच्या हमीपत्रावर सही करायची आहे." फ्लॅट 42 लाखांचा असून 39,90,000 भरले आहेत. करारात ताब्याची तारीख गेल्या वर्षीची 31 डिसेंबर होती. पैसे लगेच भरावेत का?
— एक ज्येष्ठ वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: लगेच भरू नका. आपल्या कन्येने रक्कम आणि मुदत नीट टिपली आहे. मात्र ज्या एका गोष्टीवर ही सगळी मागणी उभी राहते, त्या भोगवटा प्रमाणपत्राचा, म्हणजे इमारतीत राहण्यास दिलेल्या अधिकृत परवानगीचा, उल्लेख सारांशात कोठेही नाही. मूळ पत्र मागवून घ्या आणि त्यात या प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख आहे का, हे आधी पाहा.

मला खटकते ते इंटेरियरचे वाक्य. पुष्कळ वेळा बिल्डर अशा पत्रात "फिट-आउट पझेशन" असा शब्द घालतो. त्याचा अर्थ इतकाच, की फर्निचर करून घेण्यासाठी किल्ली मिळेल; राहण्यासाठी कायदेशीर ताबा मिळालेला नसतो. सदनिकांच्या खरेदी-विक्रीसंबंधीच्या मोफा कायद्यानुसार (1963) पूर्णत्वाचा दाखला मिळण्यापूर्वी खरेदीदाराला सदनिकेत प्रवेश देण्यास बिल्डरला मनाई आहे. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम 19(10) मधील ताबा घेण्याची दोन महिन्यांची मुदतही भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपासूनच मोजली जाते. महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या नमुना करारात उरलेली शेवटची रक्कम भोगवटा अथवा पूर्णत्व प्रमाणपत्रानंतर, ताबा देतेवेळी देय असते. आपला करार त्याच नमुन्याचा असेल, तर प्रमाणपत्र नसताना 2,10,000 रुपये थकलेलेच नाहीत, मग त्यांवर व्याज कसले?

हे प्रमाणपत्र सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका देते. प्रत बिल्डरकडून लेखी मागा आणि maharera.maharashtra.gov.in वर प्रकल्पाच्या नोंदणी क्रमांकाखाली ते चढवले आहे का, तेही पाहा. प्रमाणपत्र "अंशतः" असेल, तर त्यात आपली विंग आणि आपला मजला नमूद आहे ना, याची खात्री करा; खालच्या मजल्यांचे प्रमाणपत्र दाखवून वरच्यांकडून पैसे मागितले जाऊ शकतात. इमारतीत अजून बांधकामाच्या मीटरवरचीच वीज असेल, तर काम पुरे झाल्याचे मी सहसा मानत नाही.

मेंटेनन्सचेही तसेच आहे. सदनिका वापरायोग्य झाल्याची रीतसर सूचना मिळाल्यानंतर तो सुरू होतो, आणि किती महिन्यांचा आगाऊ घ्यायचा हे करारात लिहिलेले असते. करारात एक वर्ष असेल, तर दोन वर्षांची मागणी मान्य करण्याचे कारण नाही.

आता बिल्डरकडून आपल्याला येणे असलेल्या रकमेकडे पाहू, कारण पत्रात बहुधा फक्त देणेच लिहिलेले असेल. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार, सदनिका न सोडणाऱ्या खरेदीदाराला विलंबाच्या प्रत्येक महिन्यासाठी व्याज मिळते. हा दर महाराष्ट्राच्या नियमांत स्टेट बँकेच्या कर्जदराचा आधार असलेल्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा 2 टक्के अधिक असा ठरलेला आहे, आणि बिल्डर आपल्याकडून घेईल त्या व्याजालाही तोच दर लागतो. त्यामुळे 18 टक्क्यांची मागणी टिकणारी नाही. हिशेबापुरता दर 10 टक्के धरला, तर 39,90,000 रुपयांवर महिन्याला 33,250 रुपये होतात. ऑगस्टअखेर रीतसर ताबा मिळाला, तर आठ महिन्यांचे 2,66,000 रुपये, म्हणजे शेवटच्या हप्त्याहूनही अधिक. करारात सवलतीचा काळ असल्यास तेवढे महिने वजा करा. महारेराकडून मुदतवाढ घेतल्याचे बिल्डर सांगेल. पण नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये विलंब करारातील तारखेपासूनच मोजायचा, असे म्हटले आहे.

म्हणूनच ते हमीपत्र मला सर्वांत धोक्याचे वाटते. "माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही" असे वाक्य त्यात असेल, तर सही करू नका. नुसता ताबा घेतल्याने विलंबाच्या भरपाईचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये डीएलएफ सदर्न होम्स प्रकरणात सांगितले आहे. स्वतःच्या सहीने तो सोडून दिला, तर मात्र भांडण अवघड होते.

प्रमाणपत्र खरे निघाले, तर हप्ता अडवून धरू नका. व्याजाची रक्कम परस्पर वजा केल्यास बिल्डर आपल्यालाच थकबाकीदार ठरवील. हप्ता बँकेतून भरा आणि त्याच दिवशी ईमेलने कळवा: "ही रक्कम विलंबाच्या व्याजाचा माझा हक्क राखून भरत आहे." ताबापावतीवरही हेच वाक्य हाताने लिहून सही करा. व्याज देण्यास नकार मिळाला, तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिचे शुल्क 5,000 रुपये आहे. करारात कन्येचेही नाव असेल, तर ताबा घेण्यापूर्वी तिचे अधिकारपत्र मागवून ठेवा.