सेटलमेंट अडकलं, गेटवेला मेल काय लिहायचा?

प्रश्न: ऑर्डर घेऊन लाकडी फर्निचर बनवतो, पैसे आगाऊ घेतो. ४ मार्चचं सेटलमेंट, म्हणजे ग्राहकांनी भरलेले पैसे माझ्या बँक खात्यात येणं, पेमेंट गेटवेने रोखलंय. मी लिहिलं, "सहा दिवस माझे पैसे अडवून ठेवलेत. फोन कोणी उचलत नाही. दोन वर्षं तुमच्याकडे आहे, ही सरळ फसवणूक आहे. आजच्या आज पैसे सोडा, नाहीतर बघून घेईन." उत्तर आलं, "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे." काय चुकलं?

राग चुकला नाही. पण मेलमध्ये प्रश्नच नाही, आणि कोणतं सेटलमेंट तेही नाही. तुमचा मेल आधी सपोर्टचा माणूस वाचतो. पैसे रोखायचा किंवा सोडायचा निर्णय त्याच्या हातात नसतो, तो रिस्क टीमचा असतो. सपोर्टवाला फार तर तुमचा मजकूर उचलून पुढे पाठवतो. त्यात मर्चंट आयडी आणि सेटलमेंट आयडी नसेल, तर तो "पाठवली आहे" याशिवाय दुसरं काय लिहिणार?

लिहायला बसण्याआधी डॅशबोर्डवर एक गोष्ट तपासा. पेमेंट जमा झालीत पण सेटलमेंट तयारच झालेलं नाही, की तयार होऊन बँकेकडून परत आलंय, की गेटवेने स्वतः रोखलंय? बँकेतून परत आलं असेल तर बहुधा खाते क्रमांक किंवा खात्यावरचं नाव जुळत नसतं. ते दुरुस्त केलं की काम होतं, रिस्क टीमचा संबंधच येत नाही. तुमचं प्रकरण तिसरं आहे असं धरतो.

मग गेटवेला भीती कसली? तुम्ही पैसे आज घेता आणि माल काही आठवड्यांनी देता. माल पोचला नाही तर ग्राहक कार्ड देणाऱ्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागतो. त्याची मुदत बहुतेक वेळा १२० दिवस असते, आणि माल न मिळाल्याच्या तक्रारीत ती साधारणपणे पोच अपेक्षित असलेल्या तारखेपासून मोजतात. तोवर तुमच्या खात्यात पैसे नसले तर भुर्दंड गेटवेला. म्हणजे त्यांना तुमची दोन वर्षांची निष्ठा नको आहे. किती ऑर्डरी पोचायच्या बाकी आहेत, हे हवं आहे. तेच न मागता द्या:

> विषय: सेटलमेंट रोखल्याचे कारण व सोडण्याची तारीख कळवावी – मर्चंट आयडी [क्रमांक], सेटलमेंट आयडी [क्रमांक]
>
> नमस्कार,
>
> ४ मार्चचे वरील सेटलमेंट डॅशबोर्डवर रोखलेले दिसते. त्यात २६ फेब्रुवारी ते १ मार्चचे २३ व्यवहार आहेत. आमच्याकडून कोणतेही कागदपत्र बाकी असल्याचे खात्यात दिसत नाही. आधीच्या तक्रारीचा क्रमांक [क्रमांक].
>
> कृपया दोन गोष्टी कळवाव्यात:
>
> १. सेटलमेंट कोणत्या कारणाने व करारातील कोणत्या कलमानुसार रोखले आहे? आक्षेप सर्व २३ व्यवहारांवर आहे की काहींवरच?
>
> २. रक्कम कोणत्या तारखेला सोडली जाईल? तारीख ठरली नसल्यास पुढील आढावा कधी आहे, आणि त्यासाठी आमच्याकडून काय हवे?
>
> आम्ही ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवतो. रक्कम आगाऊ घेतो व माल साधारण ६ आठवड्यांत पोचवतो. या २३ पैकी ५ ऑर्डरी तयार मालाच्या होत्या, त्या पोचल्या आहेत. उरलेल्या १८ चे काम सुरू आहे. अपेक्षित पोच तारखांची यादी, बिले व ५ पोचपावत्या जोडल्या आहेत.
>
> १३ मार्चपर्यंत उत्तर मिळावे ही विनंती.

"कलम" हा शब्द मुद्दाम आहे. कलम विचारलं की उत्तर देणाऱ्याला करार उघडावा लागतो आणि "सुरक्षेच्या कारणास्तव" एवढ्यावर सुटता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाची शेपटीही तितकीच कामाची. नुसतं "कधी सोडणार?" विचाराल तर "सांगता येत नाही" येईल. आढाव्याची तारीख मात्र बऱ्याचदा ठरलेली असते. आक्षेप दोन-चार व्यवहारांवरच निघाला, तर उरलेले आधी सोडा असं लगेच मागता येतं.

कामगारांचे पगार थकलेत, हे मी मुद्दाम घातलं नाही. खरं असेल, पण रिस्क टीम ते वाचते ते "या धंद्यात रोकड नाही" असं. बिलांवर ग्राहकांचे फोन नंबर असतील तर झाका, आणि पूर्ण कार्ड क्रमांक मेलमध्ये कधीही लिहू नका. मेल इंग्रजीत पाठवलात तरी क्रम हाच ठेवा.

प्रश्न: मला लेखी उत्तर आलं, "खाते तपासणीत आहे, कारण सांगता येणार नाही." असं चालतं का?

कधी कधी चालतं. संशयास्पद व्यवहाराची माहिती सरकारी यंत्रणेला दिली असेल, तर ते संबंधिताला सांगायला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे. फसवणूक पकडायचे अंतर्गत नियमही कुणी उघड करत नाही. अशा वेळी "का" वर अडून बसू नका. त्याच तिकिटावर लिहा: "कारण देता येत नसल्यास एवढे कळवावे. कोणती कागदपत्रे हवीत, पुढचा आढावा कधी, आणि ही रोख फक्त या सेटलमेंटला आहे की यापुढच्या सर्व सेटलमेंटना?"

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पुष्कळदा गेटवे नवी पेमेंट घेत राहतो आणि फक्त बाहेर पडणारे पैसे थांबवतो. मग अडकलेली रक्कम रोज फुगते. उत्तर "सर्व" असं आलं, तर नव्या ऑर्डरींचे पैसे या मार्गाने घ्यायचे की नाही ते त्याच दिवशी ठरवा. आणि दर दोन दिवसांनी नवं तिकीट उघडू नका. जोडलेली कागदपत्रं एका तिकिटावर आणि चौकशी दुसऱ्यावर, असा घोळ त्यातूनच होतो.

प्रश्न: आम्हाला कारण कळलंय: १० टक्के रक्कम १८० दिवस रोलिंग रिझर्व्हमध्ये. पण सोडण्याची तारीख विचारली की कोणी सांगत नाही.

एकच तारीख नसतेच. रोलिंग रिझर्व्ह म्हणजे प्रत्येक सेटलमेंटमधून काही रक्कम ठरावीक दिवस राखून ठेवणं. प्रत्येक सेटलमेंटमधले १० टक्के आपापले १८० दिवस पुरे करून सुटतात. ४ मार्चला कापलेले ३१ ऑगस्टला, ५ मार्चचे १ सप्टेंबरला. म्हणून तारीख नको, तक्ता मागा: "प्रत्येक सेटलमेंटमधून किती कापले व ते कधी सुटणार याचा तक्ता द्यावा. १८० दिवस व्यवहाराच्या तारखेपासून मोजता की सेटलमेंटच्या, तेही कळवावे." पहिले १८० दिवस संपल्यावर रोज काहीतरी सुटायला हवं. तसं दिसलं नाही तर तक्त्यातली नेमकी ओळ दाखवून विचारा. खातं बंद करायचा विचार असेल तर उरलेला रिझर्व्ह किती काळ राहील हे आधीच लेखी घ्या.

प्रश्न: गेटवेकडे पैसे अडकलेत आणि ग्राहक रिफंड मागतायत. माझ्या बँक खात्यातून परस्पर देऊन टाकू का?

नको. परस्पर दिलेले पैसे मूळ कार्ड व्यवहाराशी जोडले जात नाहीत. तो व्यवहार गेटवेच्या दृष्टीने उघडाच राहतो, आणि त्याच ग्राहकाने पुढे चार्जबॅक मागितला तर तुमचे पैसे दोनदा जातात. रिफंड गेटवेतूनच द्या. आधी मात्र एका ओळीत विचारून घ्या: "सेटलमेंट रोखलेले असताना रिफंड त्याच शिलकीतून वजा होतील का?" होत असतील तर दिलेल्या रिफंडची यादी त्याच तिकिटावर टाका, म्हणजे तेवढे व्यवहार धोक्याच्या हिशोबातून काढा असं म्हणता येईल.