आधी आवाज, मग फोटो : लग्नाच्या पन्नाशीच्या व्हिडिओबद्दल तुमचे प्रश्न

१९७५-७६ च्या सुमारास ज्यांची लग्नं झाली, त्यांची पन्नाशी आता घरोघरी साजरी होते आहे. जुने फोटो, निवेदन आणि संगीत जोडून व्हिडिओ करायचा, हेही बहुतेक घरांत ठरलेलं असतं. पत्रं मात्र तीच ती येतात आणि बऱ्याचदा कार्यक्रम आठ दिवसांवर आल्यावर येतात. म्हणून ही उत्तरं एकत्र देतो आहे.

आमच्याकडे जवळपास तीनशे फोटो निघाले. सगळे घेतले तर व्हिडिओ किती मोठा होईल? (सातारा)

सगळे घेऊ नका. आठ मिनिटं आणि साठ-पासष्ट फोटो इतकंच ठेवा, उरलेले अल्बममध्ये पाहुण्यांसमोर ठेवा.

सगळ्या नातेवाइकांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगितलं आहे. तेवढं पुरेल ना? (ठाणे)

नेहमीच्या पद्धतीने पाठवले तर नाही. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, आणि तोच फोटो तीन घरं फिरून आला की चेहऱ्यांवर चौकटी दिसायला लागतात. प्रत्येकाला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते. आणि फोटोचा फोटो पाठवण्याऐवजी कोणी मूळ फोटोच चार दिवस द्यायला तयार असेल, तर स्वतः जाऊन आणा.

स्टुडिओवाले म्हणतात, फोरके स्कॅनिंगचं पॅकेज घ्या, नाहीतर पडद्यावर फाटेल. खरंच गरज आहे का? (नाशिक)

हिशेब साधा आहे, तो स्वतः करून बघा. हॉलमधला पडदा किंवा टीव्ही बहुतेक वेळा फुल एचडी चित्र दाखवतो, म्हणजे १९२० बाय १०८० बिंदू. फोरके म्हणजे रुंदी आणि उंची दोन्हींत याच्या दुप्पट. सहा बाय चार इंचाचा पोस्टकार्ड फोटो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू या मापाने, स्कॅन केला की ३६०० बाय २४०० बिंदू मिळतात. त्यातून एखादा चेहरा जवळ आणायचा म्हटलं तरी पुरून उरतं. अडचण येते ती जुन्या क्लिक कॅमेऱ्याच्या चौकोनी फोटोंची. ते जेमतेम सव्वादोन इंचांचे असतात, ६०० वर त्यांचे १३५० बिंदू होतात आणि चेहरा मोठा करायला जागाच उरत नाही. असे फोटो वेगळे काढा आणि १२०० वर स्कॅन करून मागा. त्यांच्या निगेटिव्ह घरात असतील तर त्याहून उत्तम, पण मग निगेटिव्ह स्कॅन करणारं यंत्र त्या दुकानात आहे का, हे आधी विचारा.

‘फोरके’च्या नावाखाली काही ठिकाणी ३०० वर केलेला स्कॅन संगणकावर नुसता फुगवून देतात. फाइल मोठी होते, तपशील वाढत नाही. ओळखायची खूण अशी : एकच फोटो नमुन्याला द्या, फाइल पडद्यावर मोठी करून साडीचा काठ बघा आणि भिंग घेऊन मूळ फोटोतला तोच काठ बघा. भिंगाखाली जी वेलबुट्टी दिसते ती पडद्यावर नसेल, तर पैसे देऊ नका. चेहरे गुळगुळीत करून देणाऱ्यांनाही नाही म्हणा. आजोबांच्या गालावरचा देवीचा व्रण पुसला तर ते आजोबा राहत नाहीत.

लग्नाचा मोठा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. हेअर ड्रायरने सुटतो असं ऐकलं. करू का? (सोलापूर)

करू नका. पाणीही लावू नका. फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो आणि ओल आल्यावर तोच काचेला धरून बसतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. असे फोटो मी पाहिले आहेत, त्यावर नंतर काहीही करता येत नाही.

काचेसकट फोटो काढा. खिडकीचा उजेड एका बाजूने तिरका येईल असं बसवा, फ्लॅश आणि वरचा दिवा बंद ठेवा, मोबाइल काचेला समांतर धरा आणि तुमच्यामागे काळं कापड टांगा, म्हणजे काचेत मागच्या खोलीचं प्रतिबिंब येणार नाही. व्हिडिओसाठी इतकं पुरतं. मूळ फोटो सोडवायचाच असेल तर कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्या माणसाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी फोन करून विचारा.

आईबाबांना सरप्राइज द्यायचं आहे, म्हणून त्यांना काही विचारलेलं नाही. मित्राचा आवाज रेडिओसारखा आहे, शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडून निवेदन वाचून घेऊ. चालेल ना? (पुणे)

व्हिडिओ तयार होईल, पण त्यात तुमचं घर नसेल. मी याबद्दल पुनःपुन्हा लिहितो, कारण इथे केलेली चूक नंतर दुरुस्त होत नाही. फोटो पुढच्या वर्षीही स्कॅन करता येतो. फोटोत कोण आहे हे सांगणारं माणूस पुढच्या वर्षी सांगू शकेलच असं नाही. माझ्या आत्याकडून मला आमच्या गावच्या वाड्यातल्या फोटोंची माहिती घ्यायची होती. दिवाळीनंतर निवांत बसू, असं मी तिला म्हणालो. दिवाळीआधीच तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. फोटो दाखवले की तिच्या डोळ्यांत ओळख दिसायची, पण नाव ओठांवर येत नव्हतं. ते अकरा फोटो आजही माझ्याकडे बिननावाचे आहेत.

म्हणून कार्यक्रमाच्या निदान दीड महिना आधी रेकॉर्डिंग करा, आणि ज्यांचा तो संसार त्यांच्याच आवाजात करा. सरप्राइज सोडवत नसेल तर मावशीला, आत्याला, मोठ्या काकांना बसवा. पण माझं मत विचाराल तर सरप्राइज सोडा.

पद्धत सांगतो. दुपारी, पंखा बंद करून, अंथरूण-पांघरुणं असलेल्या खोलीत बसा. स्वयंपाकघराला लागून नको, कुकरची शिट्टी नंतर काढता येत नाही. मोबाइल विमान मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला. एका वेळी एकच फोटो हातात द्या आणि आधी तुम्ही मोठ्याने म्हणा, ‘फोटो तेवीस’. हाच आकडा फोटोच्या पाकिटावर लिहा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने पुढे वण उठतो. ‘तेव्हा कसं वाटलं’ हा प्रश्न टाळा, त्याला सगळे ‘छान वाटलं’ एवढंच म्हणतात. ‘हा फोटो कोणी काढला?’ आणि ‘याच्या आदल्या दिवशी काय चाललं होतं?’ असं विचारा. पाऊण तासाहून जास्त बसवू नका. वय झालेल्या किंवा आजारी माणसाच्या बाबतीत कोणती वेळ बरी, हे घरच्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

एका घरातलं उदाहरण देतो. १९७४ च्या लग्नाचा गटफोटो होता आणि त्यात कडेला काळ्या टोपीतले एक गृहस्थ होते. मुलं लिहून घेऊन आली होती, ‘बाबांचे मोठे काका’. मी नवरीच्या थोरल्या बहिणीला विचारा म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘अरे, ते शेजारचे घरमालक. मांडव पावसानं भिजला, तेव्हा त्यांनी आपली ओसरी पंगतीला दिली. आईनं त्यांना हट्टानं फोटोत उभं केलं.’ मित्राच्या रेडिओच्या आवाजातून ही गोष्ट बाहेर आली नसती.

त्यांचं हे बोलणं थांबत थांबत पंचवीस सेकंदांचं झालं. आता फोटो त्या बोलण्यावर बसवायचे. गटफोटो आधीच पडद्यावर होता. ‘घरमालक’ हा शब्द यायच्या अर्धा सेकंद आधी चित्र सावकाश त्यांच्या चेहऱ्याकडे सरकू लागलं आणि बारा सेकंद तिथेच राहिलं. ‘ओसरी’ म्हटल्यावर पंगतीचा फोटो आला, तो आठ सेकंद. शेवटच्या वाक्याला पुन्हा पूर्ण गटफोटो, पाच सेकंद. त्या श्वास घ्यायला थांबल्या ती जागा आम्ही कापली नाही. बहुतेक लोक आधी प्रत्येक फोटोला पाच-पाच सेकंद देतात आणि मग त्या मापात बोलणं कोंबतात, म्हणून निवेदन धापा टाकल्यासारखं ऐकू येतं. दोन तासांच्या बोलण्यातून सहा-सात मिनिटं निवडा, ती सलग लावा, मग फोटो शोधा. ज्या गोष्टीला फोटो नाही, तिथे लग्नपत्रिका किंवा घराचा उंबरा दाखवा.

निवडलेला भाग कार्यक्रमाआधी घरातल्या जबाबदार माणसाला ऐकवा. गेलेलं मूल, तुटलेलं नातं अशा गोष्टी बोलता बोलता येतात, आणि त्या दीडशे लोकांसमोर लावायच्या की नाही हे ठरवण्याचा हक्क तुमचा नाही.

उभे फोटो आडव्या पडद्यावर बसत नाहीत. ताणून घेऊ का? (अमरावती)

नाही, दोन्ही बाजू काळ्या राहू द्या.

जुनी मराठी गाणी मागे लावायची आहेत. दहा सेकंदांपर्यंत कॉपीराइट लागत नाही ना? (डोंबिवली)

असा कोणताही नियम नाही. ही ऐकीव गोष्ट आहे आणि ती पसरवणारे अडचणीच्या वेळी सोबत नसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभात वाजवल्या जाणाऱ्या संगीताला सवलत आहे, पण लग्नाचा वाढदिवस त्यात बसतो हे गृहीत धरू नका. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी जुनी असली तरी गाणं मोकळं झालेलं नसू शकतं. घरी चार माणसांत लावणं वेगळं, हॉलमध्ये लावणं वेगळं आणि यूट्यूबवर टाकणं त्याहून वेगळं. तिथे गाणं आपोआप ओळखलं जातं आणि व्हिडिओ अडवला जाऊ शकतो. हॉलसाठी व्यवस्थापकाला परवान्याचं विचारा, शंका राहिली तर वकिलाला.

माझं सांगणं असं की, निवेदनाखाली शब्द असलेलं गाणं नकोच. दोन आवाज एकमेकांना खातात आणि हरतो तो आजीचा. नुसती बासरी किंवा सतार घ्या आणि ती बोलण्यापेक्षा अठरा-वीस डेसिबलने खाली ठेवा. संगीत आहे हे कळेल, पण सूर मोजता येणार नाही इतकं. घरात कोणी गाणारं असेल तर त्यांच्याकडून एखादी ओवी नाहीतर मंगलाष्टकाचं कडवं रेकॉर्ड करून घ्या.

तयार व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून त्या दिवशी हॉलवाल्याला दिला की झालं ना? (कोल्हापूर)

त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी. फाइल MP4, १९२० बाय १०८०, दोन पेनड्राइव्हवर आणि शिवाय स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवा. हॉलमध्ये जाऊन शेवटपर्यंत लावून बघा. प्रोजेक्टरवर काळपट फोटो आणखी काळे होतात, तसं झालं तर त्यांचा उजेड वाढवून फाइल पुन्हा काढा. लॅपटॉपचा आवाज हॉलच्या स्पीकरपर्यंत न्यायची तार कोणाकडे आहे, हे ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या माणसाला नाव घेऊन विचारा आणि ती तार त्याच वेळी लावून ऐका.