गुग्गुळ, पित्ताम्ले आणि यकृताचा लगाम

गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात. पण शरीरात नेमकं होतं काय?

जादा कोलेस्टेरॉलची विल्हेवाट लावायची यकृताची मोठी वाट म्हणजे त्याची पित्ताम्ले करणं. या कामाला सुरुवात करून देतं ते सीवायपी७ए१ हे विकर. पित्ताम्ले पुरेशी झाली की ती यकृतपेशीतल्या एफएक्सआर या ग्राहीला चिकटतात. मग एफएक्सआर एसएचपी नावाचं प्रथिन बनवायला लावतो आणि ते प्रथिन सीवायपी७ए१चं जनुक दाबून धरतं. थोडक्यात, पित्ताम्लेच स्वतःच्या निर्मितीला लगाम घालतात.

गुग्गुळाच्या डिंकातलं गुग्गुलस्टेरोन एफएक्सआरला अडवतं, असं २००२मध्ये मांडलं गेलं. लगाम सुटला की कोलेस्टेरॉल पित्ताम्लांत खर्च होईल, आणि ही तूट भरायला यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घेईल, असा त्यामागचा तर्क.

याला पुरावा काय?

उंदरांचा, आणि तो मला फार आवडतो. भरपूर कोलेस्टेरॉल असलेलं खाणं दिलेल्या साध्या उंदरांना गुग्गुलस्टेरोन दिल्यावर त्यांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल घटलं. ज्यांच्यातून एफएक्सआरचं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यात फरक पडला नाही. म्हणजे परिणामाला एफएक्सआर लागतोच. मात्र मोजलं होतं ते यकृतातलं कोलेस्टेरॉल, हे विसरू नका.

मग अमेरिकेतल्या चाचणीत एलडीएल उलट वाढलं, ते का?

२००३मध्ये १०३ जणांवर आठ आठवडे ही चाचणी झाली. गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचं एलडीएल ४ ते ५ टक्के वाढलं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं ५ टक्के घटलं. त्याआधी भारतात झालेल्या चाचण्यांत मात्र एलडीएल घटलं होतं, त्यामुळे हा निकाल अनेकांना चटका लावून गेला.

याचं एक संभाव्य कारण असं, की गुग्गुलस्टेरोन एकट्या एफएक्सआरला धरून बसत नाही. ते पीएक्सआर या दुसऱ्या ग्राहीला जागं करतं, आणि मानवी यकृतपेशींवरच्या प्रयोगांत त्या वाटेने सीवायपी७ए१ दबलेलं दिसलं. अपेक्षेच्या नेमकं उलट! शिवाय पेशीतून पित्ताम्ले बाहेर काढणारं प्रथिन एफएक्सआरच्या हुकमाने बनतं. एफएक्सआर अडवला तर ते घटायला हवं, पण काही प्रयोगांत गुग्गुलस्टेरोनने ते वाढलं. म्हणून त्याला निव्वळ ‘रोधक’ म्हणणं मला पटत नाही. एफएक्सआरची काही कामं ते अडवतं, काहींना जोर देतं.

माझी आई रक्तदाबासाठी डिल्टियाझेम घेते. तिने सोबत गुग्गुळ घेतला तर चालेल का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पीएक्सआर जागा झाला की औषधं मोडणारं सीवायपी३ए४ हे विकर वाढतं, आणि डिल्टियाझेम त्याच विकराने मोडतं. निरोगी माणसांना गुग्गुळाच्या अर्काबरोबर डिल्टियाझेम दिलं तेव्हा रक्तात ते कमी पोचलं. अशाने गोळी रोज वेळेवर घेऊनही आईंचा रक्तदाब चढू शकतो. गुग्गुळ आधीच सुरू केला असेल तर तेही सांगा. अंगावर पुरळ उठलं तर गुग्गुळ लगेच थांबवा, वरच्या चाचणीतही काहींना तसं पुरळ आलं होतं. डिल्टियाझेम मात्र आपल्या मनाने बंद करू नका.