घरून मराठी-हिंदी कॉलचं काम: कंपनी खरी कशी ओळखावी?

प्रश्न: हडपसरच्या एका वॉटर प्युरिफायर कंपनीकडून घरून ग्राहकांचे कॉल घ्यायचं काम मिळतंय. ट्रेनिंगचे १,५०० रुपये आधी मागतायत. कंपनी खरी आहे का, कसं बघू?

उत्तर: पैसे भरू नका. कामाला ठेवणारा पगार देतो, घेत नाही. तरी शंका राहू नये म्हणून त्यांचा जीएसटी नंबर मागा. महाराष्ट्रातली नोंदणी २७ ने सुरू होते. services.gst.gov.in वर 'Search Taxpayer' मध्ये तो टाकला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लॉगिन न करता दिसतं. अगदी छोट्या धंद्याला जीएसटी नसूही शकतो. मग उद्यम नोंदणी किंवा गुमास्ता मागा.

पण नंबर खरा निघाला म्हणजे माणूस खरा असं नाही. मला कोथरूडच्या एका दुकानाचा खराच नंबर पाठवला होता. दुकानात जाऊन विचारलं, तर मालकांना अशा भरतीचा पत्ताच नव्हता! तुम्ही पुण्यातच आहात, तर पोर्टलवरच्या पत्त्यावर एकदा जाऊन याच.

आणखी एक, आणि हे पैशांपेक्षा गंभीर आहे. ग्राहकांचे पैसे तुमच्या खात्यात घ्या, किंवा तुमच्या नावावर सिम काढून द्या, असं म्हणाले तर तिथेच थांबा. फसवणूक झाली की पोलीस आधी खातेदाराकडे येतात. ओटीपी विचारायला लावणारं कामही घेऊ नका.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा.