सूज उतरली, पण पाय टेकवायची भीती

‘मॅडम, पाय मुरगळून आठवडा झाला. सूज बरीच उतरली, पण टेकवायची भीती वाटते. हाड तर मोडलं नसेल ना? आणि आता हा पाय सारखाच मुरगळत राहील का?’

रावेरकडचा एक तरुण असंच विचारत आला होता. केळीचा घड खांद्यावर असताना वरंब्यावरून पाय सरीत घसरला आणि घोटा आत वळला. गावात एकाने तेल लावून चांगलाच रगडून दिला, त्यामुळे तिसऱ्या दिवशी सूज दुप्पट झालेली. ताज्या मुरगळीला मालीश आणि शेक का टाळायचा, ते त्या पायाकडे बघून कळत होतं.

आधी हाड तपासलं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागची कड, खालची सहा सेंटिमीटर, बोटाने दाबली. मग करंगळीच्या रेषेत पायाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध असलेलं टोक आणि आतल्या बाजूला घोट्यापुढचं हाड दाबलं. यातलं एकही हाड दुखत असेल, किंवा लंगडतही चार पावलं टाकता येत नसतील, तर मी एक्स-रे काढायला सांगते. त्याची चार पावलं पडली. दुखत होतं ते बाहेरच्या घोट्याच्या पुढे-खाली, मऊ जागी. म्हणजे ताणला गेला होता अस्थिबंध, हाड नव्हे.

त्याच दिवशी त्याला चालायला लावलं. घोट्याला पट्टा, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आधी टाच टेकायची, पावलं छोटी. चालताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर त्या दिवशी चालणं निम्मं करायचं. दहाव्या दिवशी काठी सुटली.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं थांबलं, तसा पठ्ठ्या माझं न ऐकता पुन्हा घड उचलायला गेला. चारच दिवसांत तोच पाय परत मुरगळला.

मी त्याला एका पायावर उभं केलं. चांगल्या पायावर तीस सेकंद सहज, दुखऱ्यावर सात. मुरगळीनंतर ‘घोटा कलतोय’ ही खबर स्नायूंना उशिरा पोहोचते, आणि पाय बाहेर ओढणारे स्नायू सावरेपर्यंत तो वळून गेलेला असतो. दुखणं थांबलं तरी ही कसर आपोआप भरत नाही.

मग रोज दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहणं, ओटा हाताशी ठेवून. तीस सेकंद जमल्यावर डोळे मिटून, नंतर घडी केलेल्या गोधडीवर. सायकलच्या जुन्या ट्यूबचं एक टोक पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेर ढकलायचं, पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या. शिवाय टाचा उचलणं. दोन महिने हेच केलं. घड पुन्हा खांद्यावर घेतला तो त्या पायावर न डगमगता उड्या मारून दाखवल्यावर, आणि तोही पट्टा बांधूनच.

तुम्हीही आज दाबून बघा आणि चार पावलं टाका. हाड दुखत नसेल आणि चार पावलं पडत असतील तर काठी घेऊन चालायला लागा. तीन महिन्यांनीही घोटा अचानक लुळा पडतोय किंवा आत अडकतोय असं वाटलं, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.